इन्क्युबेटरचा पीआयडी: हिशोब बरोबर, तरी तापमान उडते. सल्ला द्या

मोर्शीवाला: घरच्या इन्क्युबेटरमध्ये पीआयडी कंट्रोलरने हीटर कमी-जास्त करून ३७.५ अंश ठेवायचे आहेत. I, D बंद करून P वाढवत गेलो. ६० वर तापमान सारखे झुलू लागले, एका झोक्याला ५ मिनिटे. झीगलर-निकोल्सच्या नियमाप्रमाणे P ३६, Ti १५० सेकंद, Td ३७ टाकले. सुरू करताच ३९.६ पर्यंत जाते, मग डोलत डोलत खाली येते. अंडी अजून ठेवली नाहीत, पाण्याच्या बाटल्या आहेत. खर्च फार तर ५०० रुपये.

कोंबडी_किंग: भाऊ, मी ९ हजारांचा ऑटोट्यूनवाला घेतला. बटन दाबलं, विषय खल्लास. ५०० मधी काय येते बे?

रिटायर_मिस्त्री: झुलत होते तेव्हा आउटपुट किती ते किती?

मोर्शीवाला: शून्य ते शंभर.

रिटायर_मिस्त्री: मग ६० हा खरा आकडा नाही. हीटर दोन्ही टोकांना टेकला की P अजून वाढवला तरी झोका टिकूनच राहतो. P कमी करत या. आउटपुट टोकांना न टेकता मधेच हलते आणि झोका वाढतही नाही, विझतही नाही, तो आकडा धरा.

संत्रा_बाग: ओल किती ठेवता? माझी पिल्लं ओलीपायीच कवचात मेली होती.

बारावी_सायन्स: D म्हणजे ब्रेक. दुप्पट करा.

रिटायर_मिस्त्री: ब्रेक खरा, पण यांचा सेन्सर ०.१ च्या पायरीने उडतो. फिल्टर नसेल तर दर पायरीला D हीटरला धक्का देईल.

मोर्शीवाला: मिस्त्रीकाका, ४० वर सापडले, झोका ४ मिनिटांचा. नवीन हिशोब: P २४, Ti १२०, Td ३०. तरी ३८.७ जाते.

रिटायर_मिस्त्री: आता तुमची चूक नाही, झीगलर-निकोल्सचा नियमच तसा. १९४२ चा आहे. प्रत्येक उसळी आधीच्या उसळीच्या पाव व्हावी, एवढंच त्यात मागितलंय. मधेच धक्का बसला तर तो लवकर भरून निघतो, पण थंड पेटी तापवताना उसळी येणारच. त्यात तुमचा हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. त्याऐवजी टायरस-लुयबेनचा मवाळ नियम लावा: ४० भागिले ३.२ म्हणजे P १२.५; Ti २४० च्या २.२ पट, ५२८ सेकंद. D शून्य. हळू चढेल, पण उड्या मारणार नाही.

कोंबडी_किंग: तेच तं म्हनतो, ऑटोट्यून घ्या.

बारावी_सायन्स: ऑटोट्यूनही झोकेच मोजते ना?

रिटायर_मिस्त्री: बहुतेक तसंच. मुद्दाम चालू-बंद करून.

मोर्शीवाला: सगळ्यांचं वाचलं. I, D दोन्ही बंद केले. P २०, मॅन्युअल रिसेट म्हणजे हीटरचा हाताने ठरवलेला आधार ३० टक्के. दुपारपासून ३७.५ वर बसलंय.

रिटायर_मिस्त्री: रात्री गारठ्यात हीटरला ४५ टक्के लागले की पाऊण अंश खाली उतरेल. ते भरून काढायला I च पाहिजे.

मोर्शीवाला: मी कोठ्यातच निजतो काका. उठून रिसेट वाढवीन.

संत्रा_बाग: पण ओल सांगितलीच नाही.