अनुभव धागा: ऑर्किडची फुलं गळल्यावर पुढे काय करता?

गॅलरीतली (पुणे)

भेट म्हणून मिळणारं ऑर्किड बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असतं. दोन-तीन महिने फुलतं, मग दांडी उघडी पडते आणि पुष्कळ घरांत झाड तिथेच संपतं. ज्यांच्या खिडकीत ते पुन्हा फुललं, किंवा काही केल्या फुलत नाही, त्यांनी इथे लिहावं. शहर, खिडकीची दिशा आणि महिना सांगितलात तर सगळ्यांना उपयोग होईल.

सुरुवात माझ्यापासून. खिडकी पूर्वेची. मे महिन्यात शेवटचं फूल गळलं, तेव्हा झाड कुंडीतून बाहेर काढलं. वरून सालीचे तुकडे दिसत होते, पण मुळांच्या मधोमध शेवाळाचा ओला बोळा ठासून भरलेला निघाला. झाडं रुजवताना घातलेला तो बोळा विकताना तसाच राहतो. वरचं कोरडं दिसलं म्हणून आपण पाणी घालतो आणि आत तो आठवडाभर ओला राहतो. कोमट पाण्यात भिजवून तो बोटांनी सोडवला. मग एकेक मूळ चिमटीत दाबून पाहिलं. टणक होती ती ठेवली. दाबल्यावर साल निसटून आत नुसता दोरा उरत होता, ती ज्योतीवर धरलेल्या ब्लेडने कापली. झाड सालीचे तुकडे आणि थोडा लाकडी कोळसा घालून पारदर्शक, भोकं असलेल्या कुंडीत लावलं आणि कापलेल्या जागा सुकेपर्यंत पाणी दिलं नाही.

पारदर्शक कुंडीचा फायदा पावसाळ्यात कळतो. मुळं रुपेरी दिसली की पाणी, हिरवी दिसत असतील तर थांबायचं. जुलैत हवा इतकी दमट की दहा-दहा दिवस पाणी लागलं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मात्र दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यावं लागतं.

नोव्हेंबरपासून रात्री खिडकी उघडी ठेवली. डिसेंबरच्या मध्यावर पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावलं आणि फेब्रुवारीच्या शेवटी पहिली कळी उमलली.

नेहमीचा वाचक (ठाणे)

माझी पद्धत सोपी आहे. दांडी हिरवी असेल तर बुडाकडून मोजून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापायची, त्या पेरातून नवा फाटा फुटतो. माझ्याकडे फुटला आणि फुलंही आली. शिवाय ऑर्किडला थंडी लागते, म्हणून हिवाळ्यात आठवड्यातून एकदा बर्फाचे तीन तुकडे कुंडीत ठेवतो. त्यामुळेच फुलं येतात असा माझा अनुभव आहे.

पॉलिहाऊसवाली (नाशिक)

पेराचं बरोबर आहे. फक्त झाडाला तीन-चार तजेलदार पानं आणि भरपूर मुळं असतील तरच तसं कापा. त्या फाट्यावर फुलं कमी आणि लहान येतात, आणि झाड स्वतःच्या साठ्यातून ती पोसतं. पानं सुरकुतलेली असतील तर दांडी बुडापासून काढा आणि झाडाला आधी नवी पानं करू द्या. वाळून तपकिरी झालेल्या दांडीतून मात्र काही येत नाही.

बर्फाने झाड मरणार नाही, पण फूल त्याने येत नाही. तीन तुकडे म्हणजे मोजून दिलेलं थोडं पाणी, एवढंच. थंडी लागते ती भोवतालच्या हवेची, आणि तीही सलग काही आठवडे. आम्ही झाडं मोठी होईपर्यंत २८ अंशांच्या आसपास ठेवतो. त्या उबेत ती पानामागून पान काढतात, दांडी काढत नाहीत. दांडी हवी असली की तापमान २० अंशांच्या जवळ आणतो. पुण्या-नाशकात हे काम नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री फुकटात करून देतात.

उजेडाचं मात्र आपलं आपल्याला बघावं लागतं. पानं गर्द, काळपट हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय, अशा झाडाला थंडी मिळूनही दांडी येत नाही. पोपटी हिरवा रंग योग्य. दुपारचं ऊन थेट पडलं तर पानावर आधी फिकट आणि मग तपकिरी डाग पडतो, तो जात नाही. खत म्हणून १९:१९:१९ पुरतं, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, नवं पान किंवा मूळ वाढताना पंधरवड्यातून एकदा. मुळं आधी साध्या पाण्याने ओली करून मगच द्या.

माडाखाली (सावंतवाडी)

आमच्याकडे आंब्याच्या झाडावर सीतेची वेणी आहे. मे-जूनमध्ये गुलाबी-पांढरे घोस लोंबतात. अख्खा पावसाळा ती धो-धो पावसात भिजते, कोणी खत घालत नाही, तरी दरवर्षी फुलते. मग तुम्ही लोक पाण्याला एवढे का घाबरता?

गॅलरीतली (पुणे)

तिची मुळं खोडावर उघडी असतात, सर थांबली की वाऱ्याने सुकतात. कुंडीतल्या मुळांना तो वारा मिळत नाही. पानांच्या मधल्या खोबणीचंही तसंच. झाडावर ती तिरकी लोंबते, त्यामुळे पाणी ओघळून जातं. कुंडीत झाड उभं असतं, पाणी तिथे साचलं तर गाभा कुजतो आणि मधलं पान हातात येतं. माझ्याकडून चुकून पाणी सांडलं की मी कापसाने टिपून घेते.

धुक्यातून (नेदरलँड्स)

इथे प्रत्येक दुसऱ्या खिडकीत हे झाड दिसतं, पण अडचण उलटी आहे. थंडी बाहेर, आणि खिडकीच्या कट्ट्याखाली हीटर. माझं झाड दिवाणखान्यात नुसती पानं काढत बसलं होतं. ऑक्टोबरमध्ये झोपायच्या खोलीत नेलं, तिथे हीटर बंद असतो आणि रात्री १७-१८ अंश होतं. नाताळच्या सुमारास दांडी दिसली. हिवाळ्यात इथलं ऊन इतकं मवाळ असतं की दक्षिणेची खिडकीही चालते, भारतात तसं करू नका.

एक प्रश्न: नवीन टोक दांडी आहे की मूळ, हे सुरुवातीला कसं ओळखता?

पॉलिहाऊसवाली (नाशिक)

मुळाचं टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असतं. दांडीचं टोक चपटं, किंचित एका बाजूला वळलेलं, आणि त्यावर खवल्यासारखी झाकण दिसते. शंका असेल तर आठवडाभर थांबा, दांडी उजेडाकडे वळते. आणि एकदा ती दिसली की कुंडी फिरवू नका, नाहीतर ती नागमोडी वाढते आणि फुलं वाटेल त्या दिशेला तोंड करतात.

चौथा मजला (मुंबई, दादर)

माझ्या कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या, पिवळ्या पडल्या आणि गळल्या. पाणी, उजेड सगळं तेच होतं. खिडकी स्वयंपाकघराची, शेजारी केळ्यांची फणी टांगलेली असते.

पॉलिहाऊसवाली (नाशिक)

केळी हलवून बघा. पिकणाऱ्या फळातून निघणाऱ्या वायूने कळ्या गळतात, उमललेली फुलंही लवकर मान टाकतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याची आढी असलेल्या खोलीत फुललेलं ऑर्किड ठेवू नये ते यासाठीच. अर्थात कोरड्या वाऱ्याने किंवा जागा बदलल्यानेही कळ्या गळतात, तेव्हा नुसत्या वर्णनावरून मी केळ्यांवरच बोट ठेवणार नाही.

चौथा मजला (मुंबई, दादर)

हलवते. पण मुळातला प्रश्न राहतोच. दादरला डिसेंबरातही दुपारी ३० अंशांच्या वर जातं, थंड रात्री मोजक्याच. यंदा दांडी आली, त्याआधीच्या हिवाळ्यात आली नव्हती. रात्री एसीच्या खोलीत ठेवून कोणाला दरवर्षी फुलं आली आहेत का? एसीच्या कोरड्या हवेचं काय करता?

नेहमीचा वाचक (ठाणे)

माझं झाड हिवाळ्यात एसीच्याच खोलीत असतं, २४ वर. म्हणजे श्रेय बर्फाचं की एसीचं, हे यंदा बर्फ बंद करून बघतो. जानेवारीत इथेच कळवीन.