गुपित पिशवी आणि पाच ज्ञानेंद्रियं: तुमच्या वर्गात काय झालं? अनुभव लिहा

जुळे_सोलापूरची_टीचर

नर्सरीला शिकवते. २२ मुलं, वय तीन ते चार. मागच्या आठवड्यात गुपित पिशवीचा पाठ घेतला. उशीच्या अभ्र्याला नाडी ओवली आणि आत टेरी टॉवेलचा तुकडा, लिंबू, पूजेतली घंटी, स्टीलची वाटी आणि भांडी घासायचा काथ्या ठेवला. एकेकाला बोलावून हात घालायला लावायचा आणि विचारायचं, ‘काय आहे?’

पहिल्या तिघांना मजा आली. मग सगळ्या वस्तू सगळ्यांना कळल्या. आठव्या मुलापर्यंत बाकीचे सतरंजीवर लोळत होते.

नंतर जोड्या लावायचा कागद दिला. डावीकडे डोळा, कान, नाक, जीभ, हात आणि उजवीकडे पाच वस्तूंची चित्रं. एका मुलीने घंटीची रेघ हाताला नेली. मी फुली मारली. ती म्हणाली, ‘गार होती.’ ती फुली मला अजून छळते आहे.

तुम्ही पिशवीत काय ठेवता, काय विचारता, कागद कसा करता? फसलेलंही लिहा.

बालवाडीवाली_ताई

अशोक चौकाच्या पलीकडे सत्तावीस वर्षं बालवाडी चालवली. तुमची पिशवी बरोबर होती, प्रश्न चुकला. ‘काय आहे?’ म्हटलं की मूल नाव आठवायला लागतं, हाताला काय लागतंय ते बाजूलाच राहतं. ‘मऊ आहे की टोचतंय?’ ‘गार लागतंय का?’ ‘हलव बरं, वाजतंय का?’ असं विचारा. एका मुलाला एवढे दोन-तीन प्रश्न पुरतात. नाव सगळ्यात शेवटी, वस्तू बाहेर काढताना.

आणि एक प्रश्न मी मुद्दाम विचारायचे. सारख्याच आकाराचे दोन चेंडू आत, एक लाल, एक पिवळा. हात आत असतानाच विचारायचं, ‘रंग कोणता?’ मुलं ठणकावून ‘लाल!’ म्हणतात, निघतो पिवळा. पुन्हा ‘लाल!’ दोन-तीनदा असं झाल्यावर एका पोराने पिशवीचं तोंड फाकवलं, आत डोकावला आणि मग उत्तर दिलं. बाकीचे ओरडले, ‘बाई, हा चीटिंग करायला!’ मी म्हटलं, करू दे. रंगासाठी डोळा लागतो हे त्याला कळलं होतं, मला सांगावं लागलं नाही.

आमच्याकडे निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू. ‘खरखरीत’ शब्दच माहीत नसायचा. मूल गप्प बसलं की नव्या बाईंना वाटायचं, याला कळत नाही. मी प्रत्येक वस्तूची जोडी आणायचे. एक काथ्या चटईवर, एक पिशवीत. चटईवरचा चाचपायला द्यायचा आणि म्हणायचं, ‘असंच आतून काढ.’ शब्दावाचून काम होतं. शब्द नंतर हातात वस्तू असताना द्यायचा, तो टिकतो.

२२ जणांना एकदम बसवू नका. पाच-सहा जणांचा गट करा, बाकीचे मदतनीस मावशींकडे मातीशी खेळू देत. दर गटाला दोन वस्तू बदला.

होटगी_रोडची_मम्मी

आमच्याकडेही असाच कागद घरी आला होता! लिंबू नाकाला जोडायचं की जिभेला? मुलाने डोळ्याला जोडलं, मी खोडून जिभेला करून दिलं. बरोबर केलं ना? उद्या जमा करायचाय, लवकर सांगा.

बालवाडीवाली_ताई

अहो, ते खोडायलाच नको होतं. त्याला विचारा, डोळ्याला का? ‘पिवळं आहे’ म्हणाला तर उत्तर बरोबरच आहे.

आठवीचे_सर

मी मोठ्यांना विज्ञान शिकवतो. पाठात चव आलीच पाहिजे, नाहीतर पाच कशी होणार? जिभेच्या टोकावर गोड आणि मागे कडू कळतं, तर साखर टोकावर ठेवून दाखवा. सोबत आपले सोलापूरचे भाजलेले शेंगदाणे द्या. आणि वास चवीच्या आधी घ्या, कारण नाक दाबलं तर पेरू आणि केळं यांतला फरक पटकन कळत नाही.

चटणी_फेम

सर, तो टोक-गोड, मागे-कडूवाला नकाशा चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, थोडाफार फरक असेल एवढंच. साखर मागच्या बाजूला ठेवून बघा की स्वतःच. नाकाचं मात्र तुमचं खरं आहे.

शेंगदाणे तर नकोच. या वयात अख्खा दाणा घशात अडकतो, शिवाय कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते. आणि पिशवीतली वस्तू तोंडात घालायचीच नाही. चव वेगळ्या दिवशी, वेगळ्या ताटलीत, हात धुऊन. आई-वडिलांना आदल्या दिवशी विचारून.

आता माझी फजिती. वासासाठी मी डबीत शेंगाची चटणी ठेवली. सोलापूरच्या पोरांना ओळखीचा वास, आणखी काय पाहिजे! एकाने झाकण उघडून बोट घातलं आणि तेच बोट डोळ्यात. अर्धा तास नळाखाली. तेव्हापासून झाकणाला भोकं पाडते आणि कडेने चिकटपट्टी लावते. आत लसूण, संत्र्याची साल, चहाची पूड, बस. कापूर आणि डांबरगोळ्या कुणी सुचवल्या तरी ठेवू नका, पोटात गेल्या तर विषारी. तीनच्या वर डब्या गेल्या की नाक कंटाळतं, सगळ्या डब्या ‘चहा’ होतात.

आठवीचे_सर

दाण्याचं मान्य. जिभेचं घरी करून बघतो, आमच्या जुन्या पुस्तकात नकाशा होता एवढं नक्की.

नातवाची_आज्जी

मी शिक्षिका नाही, पण लिहिते. माझा नातू शाळेत त्या पिशवीत हातच घालेना, रडून गोंधळ. बाईंनी निरोप पाठवला की मूल बुजरं आहे. बुजरं कसलं! जेवत नाही म्हणून मीच रोज सांगायचे, झोळीवाला बुवा झोळीत घालून नेईल. आता पिशवी दिसली की तो रडणारच की. घरी त्यालाच पिशवी दिली, म्हटलं तू भर, मी ओळखते. त्याने चमचा घातला, मी म्हटलं, ‘अगं बाई, गार गार!’ चार दिवसांनी तो स्वतः हात घालायला लागला. बुवा मात्र मी बंद केला. जेवणाचं आता नवं काय काढावं ते सुचत नाही.

जुळे_सोलापूरची_टीचर

काल पुन्हा घेतला. सहा-सहाचे गट, दोन गोष्टींतून निवडायचे प्रश्न, रंगाचा प्रश्न. ‘लाल’ आमच्याकडेही जोरात आलं.

कागद बदलला. झेरॉक्समध्ये वाटी आणि घंटी दोन्ही काळे ठिपके दिसत होते, म्हणून त्याच वस्तूंचे मोबाइलवर फोटो काढून रंगीत छापले आणि कापून चित्रं केली. रेघ नाही, चित्र उचलून अवयवाखाली ठेवायचं. या वयात पेन्सिलची तिरकी रेघ वाटेतच भरकटते, मग मूल चुकलं की हात वळला ते कळत नाही. एका वस्तूची दोन चित्रं दिली, दोन जागी ठेवता यावी म्हणून. मोठ्या मॅडमना हे पटलेलं नाही. त्यांना फाइलमध्ये लावायला एकच बरोबर उत्तर असलेला कागद हवा आहे. बघू.

त्या मुलीने घंटी हाताखाली आणि कानाखाली ठेवली. मग टॉवेल उचलून नाकाखाली ठेवला. मी विचारलं, टॉवेलला वास असतो का? तिने पिशवीतून टॉवेल काढून माझ्या नाकाशी धरला. सकाळपासून लिंबाबरोबर राहून त्याला घमघमीत लिंबाचा वास लागला होता.

ताई, लिंबू वेगळ्या डबीत ठेवू की राहू देऊ?