दहा गुंठे पॉलिहाऊस: पाच वर्षांत पैसे फिटतात का?

माळरान (जुन्नर): १० गुंठ्यांत पॉलिहाऊस करून रंगीत ढोबळी मिरची घ्यायचा विचार आहे. सांगाडा १० लाख. लाल माती, गादीवाफे, ठिबक मिळून आणखी ३ लाख. उभारणीवाले म्हणतात, वर्षाला १० टन माल निघेल, खर्च वजा जाता ३ लाख हाती राहतील, पाच वर्षांत पैसे फिटतील. खरंच फिटतात का?

उमा_हिशेबवही: त्यांचे आकडे मान्य करूनच मांडते. याच रानात उघड्यावर वर्षाला ४० हजार सुटत असतील, तर पॉलिहाऊसची खरी कमाई २ लाख ६० हजार. सांगाडा १० वर्षं टिकेल असं धरू, पण वरचा प्लास्टिकचा पेपर ४ वर्षांनी बदलावा लागतो. चौथ्या आणि आठव्या वर्षी मजुरीसकट १ लाख २० हजार धरा. साध्या बेरजेत दहा वर्षांनी १० लाख ६० हजार नफा दिसतो. पण दहाव्या वर्षी येणारे पैसे आजच्या पैशाइतके नसतात. १२ टक्के वटाव दराने सगळं आजच्या किमतीत आणलं, तर कमाई १४ लाख ६९ हजार, पेपरचा खर्च १ लाख २५ हजार, गुंतवणूक १३ लाख. उरतात ४४ हजार. सरासरी भाव किलोला हिशेबात धरलेल्या ६० ऐवजी ५५ मिळाला, तर वर्षाला ५० हजार कमी येतात आणि तेच ४४ हजार जवळजवळ २ लाख ४० हजारांच्या तोट्यात जातात.

दत्ताभाऊ: ताई, बँकेचा हप्ता धरलाच नाही. पावणेदहा लाख कर्ज, पाच वर्षं, १२ टक्के. वर्षाला २ लाख ७० हजार जातात. ते वजा केल्यावर धंदा बुडीतच.

उमा_हिशेबवही: दत्ताभाऊ, व्याज त्या १२ टक्क्यांत आधीच आलंय. हप्ता पुन्हा वजा केला तर एकच खर्च दोनदा लागतो. पण तुमच्या आकड्यात दुसरी गोष्ट दडली आहे आणि मला तीच जास्त भीतीची वाटते. ३ लाखांतून हप्ता गेला की घरात ३० हजार येतात. चौथ्या वर्षी पेपरला १ लाख २० हजार आणणार कुठून? मग माणूस म्हणतो, अजून एक हंगाम काढू. जुन्या पेपरवर धूळ आणि शेवाळ साचतं, उजेड कमी पडतो, झाडं उंच आणि लुकडी होतात, रंग उशिरा चढतो. पाचव्या वर्षीचा माल तिथेच घटतो.

कृष्णाकाठ: आमचं जरबेऱ्याचं होतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, फुलं तोडून बांधावर टाकली. पेपर बदलायला पैसे उरले नाहीत, पुढच्या वळवात तो फाटला. जरबेरा लावू नका, एवढंच सांगतो.

माळरान: काका, मी ढोबळीचं विचारतोय. पण पेपरचं ध्यानात आलं.

रानवेडा: सगळे घाबरवताय! अनुदान कुठंय? आणि १२ टक्केच का? ठेवीवर ७ मिळतात, ७ ने लावा. साडेतीन लाखांच्या वर नफा येतो.

उमा_हिशेबवही: ७ टक्क्यांनी ३ लाख ६५ हजार येतात, बरोबर. पण ठेवीवर वळीव कोसळत नाही. ज्याचे सगळे पैसे स्वतःचे आहेत त्याने ९-१० लावावा, हे मला पटतं. कर्जावर उभारणाऱ्याने बँकेच्या दराखाली जाऊ नये. अनुदानाने मात्र चित्र पालटतं. समजा साडेचार लाख मिळाले आणि वर्षाने आले, तर त्यांची आजची किंमत ४ लाख २ हजार. दोन वर्षांनी आले तर ३ लाख ५९ हजार. उभारणीचे पैसे आधी स्वतः घालावे लागतात, तोवरचं व्याजही आपलंच.

दत्ताभाऊ: दहा वर्षं सांगाडा टिकतो हे तरी कुणी पाहिलंय? आमच्याकडे सहाव्या वर्षी वादळात कमानी वाकल्या.

उमा_हिशेबवही: सहाव्या वर्षाअखेर संपला, तर अनुदानाशिवाय ३ लाख ७ हजारांचा तोटा, भंगाराचे मिळतील ते वेगळे. जुना सांगाडा बघायला गेलात तर वर बघू नका. पाइप जिथे काँक्रीटमधून बाहेर येतो तिथली माती उकरून बघा, गंज तिथूनच चढतो.

रानवेडा: मग मातीचंही बोला. चौथ्या-पाचव्या पिकाला सूत्रकृमी येतात. मुळं उपटली की गाठी दिसतात.

उमा_हिशेबवही: हे मी धरलं नव्हतं. पाचव्या वर्षापासून दरवर्षी ६० हजार कमी आले, तर आजच्या किमतीत दीड लाखाच्या वर जातात. अनुदानाशिवाय मग तोटाच.

माळरान: म्हणजे आधी अनुदानाची पूर्वसंमती, मग उभारणी. आणि कर्ज पाचऐवजी सात वर्षांचं मागतो. ६० चा भाव वर्षभराच्या सरासरीत कुणाला मिळालाय का? विक्रीची पट्टी असेल तर आकडे टाका.

कृष्णाकाठ: शेजाऱ्याच्या पट्ट्या मागतो. दोन हंगामांच्या आहेत त्याच्याकडे.