मदत हवी आहे: लिनिअर प्रोग्रॅमिंगचा धडा दोन पानांत बसवतेय, पण माझंच उदाहरण फसलंय

महालकर
नमस्कार मंडळी. एमबीएचं पहिलं वर्ष, सोमवारी ऑपरेशन्स रिसर्चचा पेपर. आम्ही चौघींनी धडे वाटून घेतलेत. माझ्याकडे लिनिअर प्रोग्रॅमिंग आलंय आणि ते एका कागदावर पाठपोट बसवायचंय. पुढच्या बाजूला गणित मांडायच्या पायऱ्या, मागे ग्राफ, उरलेल्या जागेत नेहमीच्या चुका. पुस्तकातल्या टेबल-खुर्चीला कंटाळून मी संत्रा बर्फीचं उदाहरण रचलं, तिथेच घोटाळा झाला.

दुकानदार रोज x किलो संत्रा बर्फी आणि y किलो पेढा करतो. किलोभर बर्फीला ४०० ग्रॅम खवा लागतो, किलोभर पेढ्याला ८०० ग्रॅम. रोज ४४ किलो खवा येतो. कारागिराची बर्फीच्या किलोमागे १२ मिनिटं जातात, पेढ्याच्या किलोमागे ६, आणि तो दिवसाला १० तास असतो. स्टेशनवरून येणारी गिऱ्हाइकं बर्फीच मागतात, म्हणून बर्फी पेढ्याच्या निदान दुप्पट हवी. नफा किलोमागे ८० आणि ६० रुपये.

```
Max Z = 80x + 60y
400x + 800y <= 44
12x + 6y <= 10
2x >= y
x, y >= 0
```

उत्तर येतं ११० ग्रॅम बर्फी, पेढा शून्य, नफा ८ रुपये ८० पैसे. कुठे चुकलं?

धंतोली_एक्सप्रेस
८ रुपये ८० पैशांत दुकान चालवणाऱ्याला माझा दंडवत 😄 अगं, डावीकडे ग्रॅम आणि उजवीकडे किलो. खाली मिनिटं आणि तास. ४४ च्या जागी 44000 कर, १० च्या जागी 600. मग ग्राफच्या भानगडीत न पडता खवा आणि वेळ ही दोन समीकरणं सोडव. x = ३०, y = ४०, नफा ४८००. दुपटीची अट असली काय, नसली काय, उत्तर तेच. परीक्षेत ग्राफ नंतर शोभेला काढायचा.

महालकर
एककांचं कळलं, लाजच वाटली. मैत्रिणीचंही ४८०० च आलंय. म्हणजे हेच लिहू?

जुना_फळा
थांब, लिहू नकोस. ३० किलो बर्फी आणि ४० किलो पेढा. आता स्वतःचीच अट मोठ्याने वाच: बर्फी पेढ्याच्या निदान दुप्पट. इथे तर पेढाच जास्त झाला! अट असून नसल्यासारखी वाटते, तेव्हा बहुतेक वेळा ती उलटी लिहिलेली असते.

मी वर्गात पोरांना बीजगणिताआधी एक जोडी घालून बघायला लावायचो. पेढा १० किलो असेल तर बर्फी किमान २० हवी. आता मुद्दाम चुकीची जोडी घे, बर्फी ५ आणि पेढा १०. तुझ्या 2x >= y मध्ये १० >= १०, म्हणजे ती पास होते. नापास व्हायला हवी होती. मराठी वाक्यात ‘दुप्पट’ बर्फीला चिकटून येते म्हणून हात आपोआप x पुढे २ लिहितो. खरी अट अशी:

```
x >= 2y
```

आता ग्राफ. खव्याची अट सोपी केली की x + 2y <= 110 होते, वेळेची 2x + y <= 100. या दोन रेषा अक्षांना कुठे छेदतात ते काढून आखता येतात. x = 2y ला ती युक्ती चालत नाही, कारण x शून्य घेतला की y शून्य आणि उलटही तेच. एकाच बिंदूतून रेषा कशी काढणार? दुसरा बिंदू स्वतः निवडायचा, y = २० घेतला की x = ४०.

बाजू ठरवतानाही तोच अडथळा येतो. सवयीने (०, ०) घालून बघशील तर ० >= ० येतं आणि काहीच कळत नाही, कारण तो बिंदू रेषेवरच बसलाय. (१०, ०) घाल. १० >= ० खरं, म्हणजे x अक्षाकडची बाजू आपली.

आता उरतो तो त्रिकोण: (०, ०), (५०, ०) आणि (४०, २०). नफा शून्य, ४०००, ४४००. उत्तर ४० किलो बर्फी, २० किलो पेढा. पडताळून बघ: ४८० अधिक १२० मिळून ६०० मिनिटं, पूर्ण वापरली. खवा १६ अधिक १६ म्हणजे ३२ किलो, १२ किलो शिल्लक. खव्याची रेषा त्रिकोणाला शिवतसुद्धा नाही.

धंतोली_एक्सप्रेस
ओके, अट उलटी होती, मान्य. पण दोनच अटी असतील तर माझा शॉर्टकट चालतोच ना? आतापर्यंत कधी फसलो नाही.

जुना_फळा
फसला नाहीस, कारण पुस्तकातले आकडे तसे निवडलेले असतात. दुपटीची अट काढून टाक आणि बर्फीचा नफा १५० कर. तुझ्या (३०, ४०) वर ६९०० येतात, नुसत्या बर्फीच्या (५०, ०) वर ७५००. छेदबिंदू हा एक कोपरा झाला, सगळे कोपरे तपासल्याशिवाय निकाल नाही.

कढईवाला
राजेहो, मी मिठाईच्या कारखान्यात हिशेब पाहतो. तुमची बर्फी किलोले १२ मिनिटं कोण ठरवली? बर्फीचा घाणा निघते. आमच्या कढईत १० किलोचा. ३ किलो केली तरी भट्टी, घोटणं, थापणं, वेळ जवळपास तेवढाच जाते. आन् तो १२ किलो खवा संध्याकाळी कोण घेते बे? आमच्या दिवाळीच्या ऑर्डरचा असा हिशेब करता येते का सांगा, सात प्रकार हाये.

जुना_फळा
भाऊ, नेमकं बोललात. ‘लिनिअर’ म्हणजे दुप्पट मालाला दुप्पट वेळ, हे गृहीत आहे. घाण्यात मोजायचं तर घाण्यांची संख्या पूर्णांक ठेवावी लागते, मग प्रकरण वेगळं होतं. आणि सात प्रकार कागदावरच्या ग्राफमध्ये मावत नाहीत, तिथे दोनच चलं चालतात. तुमच्यासाठी एक्सेलमधला सॉल्व्हर बघा, त्यात पूर्णांकाची अटही घालता येते.

महालकर, ‘चुका’ या मथळ्याखाली भाऊंचा घाणा एका ओळीत लिही. उरलेल्या खव्याबद्दल मात्र गणित बरोबर आहे. खवा वाढवून नफा वाढणार नाही, कारागिराचा वेळ वाढवला तर वाढेल.

महालकर
लिहिलं. सर, अजून एक. सहज बर्फीचा नफा १२० करून पाहिला तर (५०, ०) आणि (४०, २०) दोन्हीकडे ६००० येतात. परत काही चुकलं का?

जुना_फळा
नाही. 120x + 60y ही नफ्याची रेषा आणि 12x + 6y ही वेळेची रेषा समांतर झाल्या. त्या कडेवरचा प्रत्येक बिंदू ६००० देतो. (४५, १०) घालून बघ.

महालकर
आलं, ६०००! हेच आता मागच्या बाजूला घेते. एकच राहिलं. आमच्याकडे कोणी म्हणतं की कोपऱ्यांचा तक्ता पुरे, कोणी म्हणतं नफ्याची रेषा सरकवून दाखवली नाही तर गुण कापतात.

धंतोली_एक्सप्रेस
आमच्यावेळी तक्त्याला पूर्ण गुण मिळाले होते.

जुना_फळा
मी तपासायचो तेव्हा रेषा नसली तर एक गुण कापायचो. तुमच्याकडे कोण तपासणार, त्यावर आहे.

कढईवाला
सॉल्व्हर सापडत नाही राजेहो. कुठं राहते ते?