मदत हवी आहे: लग्नाच्या हॉलचा नकाशा, जेवणाच्या दाराशी गर्दी अडतेय

धाकट्या बहिणीचं लग्न आहे, पाहुणे साधारण साडेतीनशे. हॉल ५० बाय ८० फूट. स्टेज समोरच्या अरुंद भिंतीला, आणि भोजनकक्षाचं एकच पाच फुटी दार स्टेजच्या उजव्या हाताला. आलेखाच्या कागदावर एक चौकोन दोन फूट धरून मी नकाशा काढतेय.

ज्येष्ठांसाठी मागे सहा गोल टेबलं हवीत, पाच फूट व्यासाची, प्रत्येकी आठ खुर्च्या. आधी मी दोन टेबलांच्या मध्यबिंदूंत आठ फूट धरले होते. मग घरातच दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून माणसं बसवली, तेव्हा कळलं की मधले तीन फूट खुर्च्यांतच संपतात, वाढपी जाणार कुठून? आता दहा फूट धरलेत.

खरी अडचण अक्षता पडल्यानंतरची. वधूवरांना भेटायला निघालेली रांग आणि पंगतीला निघालेले लोक त्याच उजव्या कोपऱ्यात समोरासमोर येतात. म्हणून स्टेजवर डावीकडून चढायचं, उजवीकडून उतरून थेट जेवायला जायचं असं ठरवलंय. पण पंगत एका वेळी १२० जणांचीच. दुसऱ्या पंगतीचे लोक दाराशीच उभे राहिले, तर उतरणारे पायऱ्यांवर अडकतील, आणि आमची आजी वॉकर घेऊन चालते.

उजवीकडची वाट आठ फूट करून मधली पाचवर आणू का? की दारासमोरच्या खुर्च्यांच्या दोन रांगा काढून जागा मोकळी ठेवू? ज्येष्ठांची टेबलं मागेच ठेवावीत की दाराजवळ आणावीत? ज्यांनी असा हॉल सांभाळलाय त्यांनी कृपया सांगा.