मदत हवी आहे: ब्लूटूथ इअरबड्सवर आवाज ओठांच्या मागे पडतोय

अँड्रॉइडसाठी एक छोटं व्हिडिओ ॲप लिहितोय. फोनच्या स्पीकरवर आणि वायरच्या हेडफोनवर सगळं जुळतं, पण इअरबड्स लावले की टाळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. दुसऱ्या फोनच्या माइकला इअरबड टेकवून स्क्रीन चित्रित केली, तर साधारण 200 मिलिसेकंदांचा फरक निघाला. तो शेवटपर्यंत तेवढाच राहतो, वाढत नाही. म्हणजे एन्कोडिंग आणि इअरबड्समधला बफर यांचाच हा वेळ असणार.

फ्रेमची वेळ मी `AudioTrack.getTimestamp()` वरून ठरवतो, म्हणजे आवाजाला उशीर झाला तर चित्रानेही थांबायला हवं. दुसऱ्या एका इअरबड्सवर तसं होतंही! माझा संशय असा, की पहिले इअरबड्स आपला उशीर फोनला कळवतच नाहीत, आणि मग सिस्टिमने दिलेली वेळच चुकते.

अशा वेळी वापरणाऱ्याला हाताने सरकवायची पट्टी देणं एवढाच उपाय उरतो का? ती सुधारणा प्रत्येक इअरबड्ससाठी वेगळी साठवली, तरी गेमिंग मोड लावल्यावर उशीर कमी होईल आणि उलट आवाजच चित्राच्या पुढे पळेल. हे कोणी कसं सोडवलंय?