मदत हवी आहे: मावशीच्या मेसला 28 मेंबर, तरी भाडंही सुटत नाही

कर्वेनगरकर
माझी मावशी पंधरा वर्षं लग्नाच्या केटरिंगमध्ये आचारी होती. गेल्या जूनपासून कर्वेनगरात भाड्याच्या टू बीएचकेमध्ये मेस चालवते, राहतेही तिथेच. निम्मे कॉलेजची मुलं, निम्मे नोकरीवाले. दोन वेळचे 3200 रुपये, रविवारी संध्याकाळी बंद. जेवणाबद्दल एकाचीही तक्रार नाही, पण महिनाअखेर हात रिकामे. हिशोबाची वही मी पाहिली:

जमा 89,600. खाड्याचे परत दिले 17,670. किराणा, भाजी, दूध मिळून 44,000. पोळ्यांच्या ताई 10,000. गॅस आणि वीज 8,500. उरले 9,430 आणि घरभाडं 16,000!

दर वाढवायचा का? समोरच्या गल्लीत 3000 मध्ये मिळतंय, म्हणून ती घाबरते.

पुणेरी_पाहुणा
डबा पोचवतात का? मी वारज्यात आहे.

कर्वेनगरकर
नाही हो, बसूनच जेवायचं.

सडाफटिंग
खाडा बंदच करा. मेसवाले उगाच लाड करतात. पैसे भरले, आता या नाहीतर नका येऊ.

नाशिकची_अन्नपूर्णा
दर राहू दे. 17,670 एवढा खाडा बघूनच मला धस्स झालं. मी अकरा वर्षं मेस चालवली, पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं. मावशी एका खाड्याला किती कापतात, आणि मुलं कधी कळवतात?

कर्वेनगरकर
महिन्यात 56 जेवणं धरून 57 रुपये. 310 खाडे झाले. कळवायचं म्हणाल तर ग्रुपवर साडेबाराला मेसेज येतो, "मावशी, आज नाही". ती "बरं बाळा" म्हणते आणि वहीत फुली मारते.

नाशिकची_अन्नपूर्णा
तिथेच गळतंय. साडेबाराला भाजी झालेली, आमटी उकळलेली, कणीक भिजवलेली. त्या मुलाच्या न येण्याने एक रुपयाही वाचला नाही, तरी 57 परत. आणि वेळेत कळवलं तरी वाचतं काय? फक्त सामान. पोळ्यांच्या ताईंचा पगार आणि भाडं काही कमी होत नाही. तुमच्या 44,000 ला 28 मेंबरांच्या 1568 जेवणांनी भागा, 28 रुपये येतात. खाडा त्याहून जास्त कापायचाच नाही.

मावशी भाजी आणायला किती वाजता जातात? सकाळी सातला जात असतील तर दुपारचा खाडा आदल्या रात्री नऊपर्यंत, संध्याकाळचा दुपारी तीनपर्यंत. नंतर आलेला मेसेज धरायचा नाही.

एकदा आठवडाभर उरलेली भाजी आणि भात रोज वजन करून लिहा. लग्नाच्या आचाऱ्याचा हात सढळ असतो, पंगतीत कमी पडलं तर नाचक्की होते ना! 28 जणांना 40 जणांचं शिजत असेल तर खाड्याचा नियम लावूनही थोडंच सुधारेल.

सडाफटिंग, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण शुक्रवारी रात्री गावी जाऊन सोमवारी येणारा नोकरीवाला खाडाच नाही म्हटल्यावर दुसरी मेस शोधतो.

हॉस्टेलवाला_बंड्या
आमच्या मेसवाल्याने सुट्टीत गावी गेलो तेव्हाचे पंधरा दिवसांचे पैसे बुडवले. सगळे तसलेच. आणि रोज फ्लॉवर.

कोल्हापुरी_ठसका
त्यापेक्षा कूपन करा. 56 कूपनांचं पुस्तक, दोन महिन्यांत संपवायचं. खाड्याची कटकटच नाही. आणि गॅसचं एवढं का येतंय? राहत्या घरातच मेस आहे तर घरगुती सिलिंडर वापरा की.

नाशिकची_अन्नपूर्णा
ठसकाभाऊंचं सिलिंडरचं कृपया ऐकू नका. घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही, पकडलं तर टाक्या जप्त होतात. 19 किलोचाच घ्यायचा.

कूपनाचं दुखणं वेगळं. पैसे आधी मिळतात खरे, पण आज 15 येणार की 28, ते जेवायला बसेपर्यंत कळत नाही. कूपन ठेवलंत तरी रात्रीच्या नऊचा मेसेज हवाच.

कर्वेनगरकर
ग्रुप वर-खाली करून मोजलं. 310 पैकी वेळेत कळवलेले फक्त 96! म्हणजे 28 रुपयांप्रमाणे 2,688 परत द्यायला हवे होते, दिले 17,670. भाडं जाऊन आठ हजारांच्या वर हातात राहिले असते.

नाशिकची_अन्नपूर्णा
तेवढे सगळे धरून चालू नका. नियम लागला की मुलं वेळेत कळवायला लागतात, म्हणजे परत जाणारे वाढतील. पण तेव्हा तुमची भाजीही कमी येईल. एक तारखेपासून लावा, मधेच नको. आणि अन्नाच्या धंद्याची नोंदणी केलीय का? छोट्या मेसलाही लागते.

कर्वेनगरकर
नोंदणी आहे. भाडेकरारात मात्र "फक्त राहण्यासाठी" लिहिलंय. मालकांना माहीत आहे, तोंडी हो म्हणालेत. सोसायटीत एकाने जिन्यातल्या चपलांवरून कुरकुर सुरू केलीय.

सडाफटिंग
तोंडी काही खरं नाही. लिहून घ्या.

नाशिकची_अन्नपूर्णा
लिहून मागितलं की भाडं वाढवतात, हाही अनुभव आहे. माझ्या मालकांनी वाढवलं होतं. इथे पुण्यातलं कोणी सांगेल का?

कर्वेनगरकर
मावशीला खाड्याचं सांगितलं. म्हणाली, "साडेबाराला मेसेज करणारा पोरगा आजारी असला तर?" यावर काय सांगू?